प्रवासाच्या लांबलचक चॅटचा सारांश पुन्हा पुन्हा का चुकतो: पक्के, नाकारलेले आणि अनिर्णित

प्रवास ठरवताना गटात दोन-तीन आठवडे बोलणे चालते. शेवटी कोणीतरी वरपर्यंत जाऊन सगळे वाचते आणि काय ठरले त्याची यादी करून टाकते. यादी नीटनेटकी दिसते, सगळे तिला अंगठा देतात, आणि निघायच्या आठवड्यात कळते की ‘पक्के’ या मथळ्याखाली लिहिलेले घर कोणी आरक्षितच केलेले नाही, तर ‘नाकारले’ म्हणून खोडलेल्या हॉटेलातल्या खोल्या मात्र अजून आपल्याच नावावर आहेत. गेल्या तीन प्रवासांत असे तीनदा झाले आणि तिन्ही वेळा यादी मीच केली होती. त्यामुळे तिसऱ्या वेळी वाचणाऱ्यांना दोष न देता मी यादी करण्याची पद्धतच तपासली. त्यात काय सापडले आणि यादी कशी दुरुस्त झाली, ते त्याच चॅटच्या आधाराने येथे मांडते.

प्रवास सात जणांचा होता: आत्या, काका, आतेभाऊ, दादा, वहिनी, धाकटी बहीण आणि मी. १४ ते १९ नोव्हेंबर अशा पाच रात्री होत्या, पहिल्या दोन डोंगरावर आणि पुढच्या तीन समुद्रकाठी. चॅट १४ ऑक्टोबरला सुरू झाले आणि १ नोव्हेंबरपर्यंत त्यात ६४० संदेश जमले. त्याच रात्री मी पहिला सारांश पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने सहज विचारले, “समुद्रकाठच्या घराचा बुकिंग नंबर पाठव ना, नकाशावर खूण करून ठेवतो.” मी तो वहिनींकडे मागितला, त्यांनी धाकटीकडे मागितला, आणि धाकटी म्हणाली, “मला वाटलं दादानेच केलंय.”

चूक नेमकी कोठे झाली

चॅटमधली ती जागा मी पुन्हा उघडली. २४ ऑक्टोबरला रात्री दादाने लिहिले होते, “समुद्रकाठचं घर फायनल ना मग?” त्याखाली चार अंगठे होते. माझ्या पहिल्या यादीत त्याचे ‘समुद्रकाठचे घर: पक्के’ असे रूपांतर झाले होते. वास्तविक तो एक प्रश्न होता आणि चार अंगठ्यांचा अर्थ ‘आम्हाला ते घर चालेल’ एवढाच होता. घरमालकाला यातले काहीही ठाऊक नव्हते.

सारांश करताना आपण शब्दांवरून वर्गवारी करतो, हे या चुकीचे मूळ आहे. ‘फायनल’, ‘ठरलं’, ‘पक्कं’, ‘झालं’ हे शब्द दिसले की हात आपोआप पहिल्या मथळ्याकडे जातो. पण मराठी बोलण्यात ‘ठरलं’ म्हणजे ‘आपले एकमत झाले’ आणि ‘ठरलं’ म्हणजे ‘पैसे भरून क्रमांक आला’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसतात, आणि कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे त्या संदेशावरून कळत नाही. एकमत ही गटाच्या आतली गोष्ट आहे. आरक्षण मात्र गटाबाहेरच्या कोणीतरी मान्य केले तरच असते. म्हणून आता मी पक्क्या गोष्टीसाठी एकच कसोटी लावते: गटाबाहेरच्या व्यक्तीने किंवा संस्थेने ‘तुमची जागा राखली आहे’ असे लिहून कळवले आहे का, आणि त्या लिखाणात क्रमांक, तारखा व माणसांची संख्या आहे का? हे नसेल तर सातही जणांचे एकमत असले तरी ती गोष्ट अनिर्णित राहते, आणि तिच्यापुढे ‘एकमत आहे, आरक्षण बाकी’ असे लिहिले जाते.

ही कसोटी कडक वाटते, पण ती नसली की काय होते ते आमच्या गाडीच्या बाबतीतही दिसले. डोंगरावरून समुद्रकाठी नेणाऱ्या गाडीबद्दल वहिनींनी लिहिले होते, “ड्रायव्हरशी बोलले, येतो म्हणाले.” हे बाहेरच्या माणसाचे मान्य करणे होते, मात्र तोंडी. १६ तारखेला किती वाजता, किती आसनांची गाडी आणि कोठून कोठपर्यंत, यातले काहीच लिहिलेले नव्हते. पहिल्या यादीत तीही पक्क्यात गेली होती. दुसऱ्या यादीत ती अनिर्णितात आली, आणि वहिनींनी ड्रायव्हरला तारीख, वेळ व सात जण असा एक छोटा संदेश पाठवून त्यावर “हो” असे उत्तर आणायचे, एवढेच काम तिच्यापुढे लिहिले गेले. उत्तर आले तेव्हा समजले की त्यांच्या गाडीत ड्रायव्हर धरून सात आसने आहेत.

सारांशाची सुरुवात चॅटपासून करू नये

माझी पहिली यादी चुकण्याचे दुसरे कारण म्हणजे मी पहिल्या संदेशापासून वाचायला बसले. ६४० संदेश क्रमाने वाचताना शंभराव्या संदेशापर्यंत आपल्या डोक्यात प्रवासाचे एक चित्र तयार होते, आणि पुढचे सगळे आपण त्या चित्रात बसवत जातो. शेवटी-शेवटी थकवा येऊन वाचन भराभर होते, आणि नेमके शेवटचे संदेशच आधीचे निर्णय बदलणारे असतात.

आता मी उलट दिशेने जाते. आधी चॅट बंद ठेवते आणि ज्यांनी ज्यांनी काही आरक्षित केले असेल त्या प्रत्येकाकडून पुष्टीचा ईमेल किंवा तिकिटाचे चित्र मागवते. आमच्या प्रवासात अशी तीन कागदपत्रे निघाली: दादाने काढलेली जाण्याची रेल्वेची सात तिकिटे, वहिनींनी घेतलेल्या डोंगरावरच्या हॉटेलातल्या तीन खोल्या, आणि धाकटीच्या ईमेलमध्ये पडून राहिलेले समुद्रकाठच्या एका हॉटेलाचे आरक्षण. हे तिसरे आरक्षण मी चॅटवरून बनवलेल्या यादीत ‘नाकारले’ म्हणून नोंदवले होते, त्याविषयी पुढे सांगते. कागदपत्रे हाती आली की मग चॅट उघडायचे, तेही प्रत्येक विषयासाठी वेगळे: प्रथम फक्त जाण्याचा प्रवास शोधायचा, मग पहिला मुक्काम, मग गाडी, मग दुसरा मुक्काम, मग परतीचा प्रवास. प्रत्येक विषयात शेवटच्या संदेशापासून मागे जायचे आणि त्या विषयाची शेवटची स्थिती व तिचे कारण सापडले की थांबायचे. यामुळे ६४० संदेश एकाच बैठकीत वाचावे लागत नाहीत आणि जुन्या मतांचा गाळही फारसा येत नाही.

शोधण्यासाठी फोनमधला शोध बहुधा पुरतो. चॅट फार मोठे असेल, तर ते मजकूर फाइलच्या रूपात बाहेर काढून संगणकावर शोधणे सोयीचे पडते. ती फाइल chat.txt या नावाने ठेवून मी टर्मिनलमध्ये grep या शोधाच्या साधनाच्या पुढच्या तीन आज्ञा वापरते, एक सहमतीच्या शब्दांसाठी, एक नकाराच्या आणि एक टाळण्याच्या:

```
grep -n -i -E "फायनल|ठरलं|पक्क|कन्फर्म|final|tharla|pakka|confirm" chat.txt
grep -n -i -E "नको|रद्द|राहू दे|nako|radda|cancel|rahu de" chat.txt
grep -n -i -E "बघू|विचार|सांगतो|सांगते|baghu|vichar|sangto|sangte" chat.txt
```

रोमन लिपीतले शब्द मुद्दाम घातले आहेत, कारण एकाच घरात आत्या देवनागरीत लिहितात आणि आतेभाऊ “nako” लिहितो, त्यामुळे फक्त देवनागरीत शोधले तर तरुण मंडळींचे निम्मे नकार हातून निसटतात. या आज्ञा निर्णय सापडवून देत नाहीत, फक्त कोणत्या ओळींच्या आसपास वाचायचे ते सांगतात. सापडलेल्या प्रत्येक ओळीच्या वरचे आणि खालचे दहा-पंधरा संदेश वाचावेच लागतात.

बाहेर काढलेल्या फाइलवर पूर्ण भिस्त ठेवू नये, हेही अनुभवाने समजले. व्हॉट्सॲपमधून चॅट निर्यात केले की संदेशांवर दिलेल्या प्रतिक्रिया, म्हणजे अंगठे आणि बदाम, त्या फाइलमध्ये येत नाहीत. कोणते उत्तर कोणत्या संदेशाला उद्देशून होते ती जोडणीही हरवते, त्यामुळे एखादे “हो चालेल” हे त्याच्या लगेच वरच्या ओळीला दिल्यासारखे दिसते, पण प्रत्यक्षात ते दोन दिवसांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर असू शकते. चित्रांशिवाय निर्यात केली तर तिकिटाच्या फोटोच्या जागी `<Media omitted>` यासारखी एक ओळच उरते. म्हणून फाइल फक्त शोधण्यासाठी वापरावी आणि निर्णायक जागा फोनवर मूळ चॅट उघडूनच पाहावी. फाइलमध्ये ११/०२ अशी तारीख दिसली तर ती ११ फेब्रुवारी की २ नोव्हेंबर हे फोनच्या मांडणीवर अवलंबून असते. सारांशात महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले की तो प्रश्न मिटतो.

अर्धवट पक्के आणि तारखेचा घोळ

डोंगरावरच्या हॉटेलाची पुष्टी पाहिल्यावर ते पक्के म्हणून सोडून देण्याचा मोह झाला, कारण क्रमांक होता, तारखा बरोबर होत्या. पण कसोटीतला तिसरा भाग, माणसांची संख्या, जुळत नव्हता. तीन खोल्यांत प्रत्येकी दोन असे सहा जण नोंदले होते आणि आम्ही सात होतो. चॅटमध्ये वहिनींचा १९ ऑक्टोबरचा संदेश सापडला: “एक्स्ट्रा बेडचं विचारते त्यांना.” त्यापुढे या विषयावर काहीच नव्हते. वहिनींनी विचारले होते, उत्तर आले नव्हते, आणि नंतर सगळेच विसरले होते.

अशा वेळी एकाच ओळीत ‘हॉटेल: पक्के, एक्स्ट्रा बेड सोडून’ असे लिहू नये. वाचणाऱ्याच्या लक्षात पहिला शब्द राहतो, पुढची अट राहत नाही. ओळ तोडून दोन कराव्यात: तीन खोल्या, सहा जण, १४ ते १६ नोव्हेंबर ही पक्क्यात, आणि सातव्या माणसाची झोपण्याची सोय ही अनिर्णितात. शिवाय हे आरक्षण पैसे न भरता केलेले होते, ६ नोव्हेंबरपर्यंत विनामूल्य रद्द करता येणारे होते आणि पैसे तेथे पोहोचल्यावर द्यायचे होते. ते पक्केच आहे, पण त्याला मुदत आहे, म्हणून ती मुदत त्याच ओळीत तास धरून लिहिली. ‘६ तारखेपर्यंत’ याचा अर्थ ६ तारीख सुरू होण्यापूर्वी की ६ तारीख संपेपर्यंत, हे पुष्टीपत्रातच पाहावे लागते. प्रवास दुसऱ्या देशात असेल तर तो तास बहुतेक वेळा मुक्कामाच्या ठिकाणच्या घड्याळाचा असतो, आपल्या नव्हे.

रेल्वेच्या तिकिटाने वेगळाच धडा दिला. तिकिटावर १४ नोव्हेंबर, ००.२० अशी वेळ होती. चॅटमध्ये दादाने “१४ ची रात्रीची गाडी” असे लिहिले होते आणि मी ते जसेच्या तसे सारांशात उतरवले होते. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी सुटणाऱ्या या गाडीसाठी घरातून १३ तारखेच्या रात्री निघायचे होते, पण आत्यांनी सारांश वाचून १४ तारखेच्या संध्याकाळी डॉक्टरांकडे जाण्याची वेळ घेऊन ठेवली. त्यांचे काहीच चुकले नव्हते. बोलीत ‘१४ ची रात्र’ म्हणजे १४ तारीख मावळल्यानंतरची रात्र. आता मध्यरात्रीनंतर दोन-तीन तासांत सुटणारी कोणतीही गाडी किंवा विमान असेल तर मी तिकिटाची तारीख लिहून त्यापुढे जमण्याची तारीख व वेळ वेगळी लिहिते: ‘तिकीट १४ नोव्हेंबर ००.२०, स्थानकावर १३ नोव्हेंबरच्या रात्री ११.३० ला जमायचे.’ हा बदल छोटा आहे, पण सगळ्या सारांशात याइतकी महाग पडू शकणारी दुसरी चूक मला तरी माहीत नाही.

नाकारलेल्या पर्यायांत काय लपलेले असते

नाकारलेल्यांची यादी सहसा उरकून टाकली जाते, कारण संपलेल्या गोष्टींकडे लक्ष कशाला द्यायचे असे वाटते. मला मात्र तीनही मथळ्यांत हाच सर्वांत बेभरवशाचा वाटतो. त्यात तीन वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र पडलेल्या असतात.

पहिली म्हणजे नाकारलेला पण जिवंत पर्याय. २० ऑक्टोबरला धाकटीने समुद्रकाठच्या एका हॉटेलातल्या खोल्या घेऊन ठेवल्या होत्या आणि लिहिले होते, “आत्ता धरून ठेवते, नाही आवडलं तर सोडू.” २४ तारखेला ते हॉटेल किनाऱ्यापासून लांब आहे म्हणून सर्वांनी नाकारले आणि त्याच संभाषणात ते घर पुढे आले. पण हॉटेल रद्द कोणी केले नाही. ते ९ नोव्हेंबरपर्यंत विनामूल्य रद्द करता येणार होते, त्यानंतर शुल्क लागणार होते. म्हणजे १ नोव्हेंबरला आमची खरी स्थिती माझ्या यादीच्या अगदी उलट होती: जे हवे होते ते आमच्याकडे नव्हते आणि जे नको होते ते आमच्या नावावर होते.

यावर पहिली प्रतिक्रिया ‘लगेच रद्द करा’ अशी होते, आणि गटात तसा संदेश आलाही. ते चुकीचे ठरले असते. घराचे आरक्षण हाती येईपर्यंत ते नावडते हॉटेल हाच आमचा १६, १७ आणि १८ तारखेच्या रात्रींचा एकमेव निवारा होता. म्हणून नाकारलेल्या पर्यायापुढे ‘रद्द केले का, कोणी, रद्द झाल्याची पावती आली का’ एवढे लिहून पुरत नाही. काही वेळा ‘अमुक मिळाल्यावरच रद्द करायचे’ असा क्रमही लिहावा लागतो.

दुसरी जात म्हणजे ज्याचे कारण संपले आहे असा नकार. परतीसाठी रात्रीची बस आणि दिवसाची रेल्वे असे दोन पर्याय होते. बस नाकारली गेली ती आत्यांच्या गुडघ्यामुळे, कारण त्यांना रात्रभर पाय दुमडून बसणे शक्य नव्हते. २९ ऑक्टोबरला मात्र आत्यांनी एका लांब संदेशाच्या शेवटी लिहिले होते की त्या आणि काका तेथूनच एका नातेवाइकांकडे दोन दिवस राहायला जातील असे वाटते, नक्की नाही. हा संदेश बसच्या संभाषणापासून सव्वाशे संदेश खाली होता आणि त्यात ‘बस’ हा शब्दही नव्हता. पण त्यामुळे बस नाकारण्याचे कारण उरते की नाही, हाच प्रश्न उभा राहिला. माझ्या यादीत नुसते ‘बस: नाकारली’ असे लिहिलेले असल्याने तो कोणालाच दिसला नसता. नाकारलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे कारण लिहायचे ते एवढ्यासाठी, आणि ते कारण कोणाचे होते हेही लिहायचे. ‘लांब आहे’, ‘जागा संपली’ ही कारणे सर्वांची असतात. ‘आत्यांचा गुडघा’ हे कारण आत्या बसमध्ये असतील तोवरच लागू असते.

तिसरी जात म्हणजे मौन. २२ ऑक्टोबरला आतेभावाने एका बोटीच्या फेरीचा दुवा टाकला होता आणि विचारले होते, “जायचं का १७ ला?” त्याच मिनिटाला वहिनींचा हॉटेलाच्या खोल्यांचा संदेश आला आणि सगळे तिकडे वळले. बोटीबद्दल पुढे कोणीही काहीही बोलले नाही. मी ती नाकारलेल्यांत टाकली होती, कारण दहा दिवसांत कोणी हो म्हटले नव्हते. पण कोणी नाही तरी कोठे म्हटले होते? उत्तर न मिळालेला प्रस्ताव हा नाकारलेला प्रस्ताव नसतो, आणि ज्याने तो मांडला त्याला ते चांगलेच कळते. आतेभाऊ माझी पहिली यादी वाचून गप्प बसला, आणि नंतर म्हणाला, “ताई, मला कोणी नाही म्हटलेलं आठवत नाही.” अशा गोष्टी आता मी अनिर्णितात ‘चर्चाच झाली नाही’ असे लिहून ठेवते.

अनिर्णितात नुसते ‘ठरवायचे आहे’ लिहू नये

दुसऱ्यांदा यादी करताना अनिर्णित गोष्टी पाच निघाल्या: समुद्रकाठचे घर, सातव्या माणसाची सोय, गाडी, परतीचा प्रवास आणि बोट. पाचही एकाखाली एक लिहिल्या असत्या तर गटाने सर्वांत सोप्या आणि मजेच्या गोष्टीवर, म्हणजे बोटीवर, चर्चा सुरू केली असती. म्हणून प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहिल्या: ती कोणाच्या उत्तरावर अडली आहे, कोणत्या तारखेपर्यंत ठरायला हवी, आणि तिच्यावर आणखी काय अडले आहे. मग क्रम आपोआप लागला. घर पहिले, कारण हॉटेल रद्द करण्याची मुदत त्यावर अवलंबून होती. आत्या-काकांचा बेत दुसरा, कारण परतीला सात तिकिटे लागणार की पाच, आणि बस पुन्हा विचारात घ्यायची की नाही, हे त्यावर ठरणार होते. बोट सर्वांत शेवटी, कारण तिच्यावर काहीच अडलेले नव्हते.

येथे एक चूक पुष्कळदा होते. ‘परतीचा प्रवास’ ही अनिर्णित गोष्ट म्हणून लिहिली की सगळे परतीवर बोलू लागतात, पण खरी अडलेली जागा आत्यांचे उत्तर ही असते. प्रश्न ज्या माणसाकडे आहे त्याच्याच नावाने तो लिहावा: ‘आत्या, १९ तारखेला आपण आमच्याबरोबर परतणार का? ५ नोव्हेंबरपर्यंत कळवावे.’ गटाला विचारलेल्या प्रश्नाला गटातले कोणीही उत्तर देत नाही.

दुरुस्त केलेला सारांश असा पाठवला

वर पहिली ओळ व्याप्तीची ठेवली, कारण सारांश कोठपर्यंतचा आहे हे न कळल्यास पुढच्या आठवड्यात तो जुना की नवा यावर वाद होतो.

‘२ नोव्हेंबर, रात्री ९ पर्यंतच्या संदेशांवरून. १ नोव्हेंबरचा सारांश रद्द समजावा.

पक्के. जाण्याची रेल्वे: सात जण, तिकीट १४ नोव्हेंबर ००.२०, म्हणजे १३ तारखेच्या रात्री निघायचे, तिकिटे दादाकडे. डोंगरावरचे हॉटेल: तीन खोल्या, सहा जण, १४ व १५ च्या रात्री, वहिनींच्या नावावर, पैसे तेथे, विनामूल्य रद्द करण्याची मुदत ६ नोव्हेंबर, रात्री ११.५९.

नाकारलेले. किनाऱ्यापासून लांबचे हॉटेल: अंतरामुळे, धाकटीच्या नावावर अजून आहे, घराचा क्रमांक आल्यावरच तिने रद्द करायचे, ९ नोव्हेंबरच्या आत. रात्रीची बस: आत्यांच्या गुडघ्यामुळे, आत्या बरोबर नसतील तर पुन्हा विचार.

अनिर्णित. समुद्रकाठचे घर: एकमत आहे, आरक्षण बाकी, दादा आज रात्री करणार. आत्या व काकांचा परतीचा बेत: आत्यांनी ५ पर्यंत कळवायचे, परतीची तिकिटे त्यानंतर. सातव्या माणसाची गादी: वहिनी हॉटेलाला पुन्हा लिहिणार, ५ पर्यंत. गाडी: तोंडी ठरली आहे; वहिनी लेखी उत्तर आणणार. १७ तारखेची बोट: चर्चाच झाली नाही, आतेभाऊ माहिती पुन्हा टाकणार.’

पाठवण्यापूर्वी मी एक पडताळणी केली, जी पहिल्या वेळी केली असती तर पुढचे बरेच काही वाचले असते. कागदावर प्रवासातल्या रात्री एका ओळीत लिहिल्या: १३, १४, १५, १६, १७, १८. प्रत्येक रात्रीखाली, कागदपत्रांनुसार, आम्ही कोठे झोपणार ते लिहिले. १३ खाली रेल्वे, १४ व १५ खाली डोंगरावरचे हॉटेल, आणि १६ ते १८ खाली नाकारलेले हॉटेल आले. ज्या रात्रीखाली काहीच नसते ती रात्र उघड्यावर आहे, ज्या रात्रीखाली दोन गोष्टी येतात तेथे काहीतरी रद्द करायचे राहिले आहे, आणि ज्या रात्रीखाली नको असलेली गोष्ट येते तेथे आमच्यासारखी स्थिती आहे. मुक्कामाच्या तारखा ‘१६ ते १९’ अशा लिहिल्या की तीन रात्री की चार असा घोळ होतो, म्हणून ही पडताळणी तारखांवर न करता रात्रींवरच करावी.

आणखी एक गोष्ट शेवटी सुधारावी लागली. पहिला सारांश पाठवल्यावर सहा अंगठे आले होते आणि मी ते मान्यता समजले. वाचले असे कळवण्यासाठीही लोक अंगठाच देतात, हे तेव्हा ध्यानात आले नाही. दुसऱ्या वेळी मी गटात मान्यता मागितलीच नाही. ज्याच्या नावावर जी ओळ होती त्याला ती एकच ओळ वेगळी पाठवली आणि पुष्टीपत्राशी ताडून उत्तर द्यायला सांगितले. दादाला पाठवलेली ओळ घराची होती. त्याचे उत्तर सव्वा दहाला आले, घराच्या आरक्षणाच्या चित्रासह: १६ ते १९ नोव्हेंबर, तीन रात्री, सात जण. त्याखाली धाकटीने दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल रद्द झाल्याची पावती टाकली, आणि मी दोन्ही ओळी योग्य मथळ्याखाली हलवून सारांशाच्या वरची तारीख बदलली.